भर दुपारच्या क्लिपची रात्र करायची आहे: कंदील, माड आणि पांढरं आभाळ

केतकी_रा

नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात आमच्या आजोळच्या वाड्यात नऊ मिनिटांची एक छोटी फिल्म काढली. त्यातला एक प्रसंग रात्रीचा आहे. मावशी हातात कंदील घेऊन पडवीच्या पायऱ्या उतरते, अंगण ओलांडते आणि विहिरीपाशी जाऊन उभी राहते. बावीस सेकंदांचा एकच शॉट, ट्रायपॉडवर. रात्री लाइट लावायची ऐपत नव्हती आणि त्या आठवड्यात गावात वीजही धड नव्हती. म्हणून शॉट सकाळी साडेअकराला घेतला, रात्र नंतर रंगांतून करू असं ठरवून.

जूनमध्ये वाडा उतरवला. त्यामुळे परत शूट करणं हा मार्गच उरलेला नाही. आहे त्याच क्लिपची रात्र व्हायला हवी.

मी रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत एक्स्पोजर खाली आणलं, व्हाइट बॅलन्स निळ्याकडे नेला आणि कॉन्ट्रास्ट वाढवला. जे दिसतंय ते नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं आहे. माडांमागचं आभाळ सिमेंटच्या पत्र्यासारखं करडं झालंय, पडवी पार काळी झालीये आणि मावशीच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. क्लिप मोबाइलची आहे, ४के, ८ बिट; मूळ क्लिपमध्ये सावल्यांतही तपशील आहे. एका फ्रेमचा फोटो टाकलाय. नक्की कुठे चुकतंय?

---

सडा_शिंपण

मोबाइलवर रात्री शूट केलं की दाणे येतातच. आयएसओ कमी ठेवा आणि फोन कशाला तरी टेकवून धरा. आमच्या गणपतीच्या मिरवणुकीच्या व्हिडिओला असंच झालं होतं.

---

केतकी_रा

@सडा_शिंपण, उलटं आहे हो. शूट दिवसा केलंय, रात्र दाखवायची आहे.

---

सडा_शिंपण

अच्छा! मग मी इथे पाटावर बसतो आणि ऐकतो.

---

वेस्टर्नप्रेमी

ही फार जुनी युक्ती आहे. हॉलिवूडच्या वेस्टर्नमध्ये घोडेस्वार रात्री वाळवंटातून जातात ते सगळं दिवसाच शूट केलेलं. फ्रेंच लोक तर या तंत्राला 'अमेरिकन रात्र' म्हणतात. नियम सोपा आहे: दोन स्टॉप अंडरएक्स्पोज करायचं, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनवर ठेवायचा म्हणजे उन्हाचं आपोआप निळं होतं, आणि आभाळ फ्रेममध्ये घ्यायचं नाही. कृष्णधवलमध्ये लाल फिल्टर लावला की निळं आभाळ काळं व्हायचं. तुम्ही शूट करतानाच हे करायला हवं होतं.

---

छायाप्रकाश

@वेस्टर्नप्रेमी, इतिहास बरोबर आहे, पण आज जशाच्या तसा लागू नाही. फिल्मवर प्रयोगशाळेत फारसं हलवता येत नसे, म्हणून अंधार कॅमेऱ्यातच करून घ्यायचे. डिजिटलमध्ये, त्यातही मोबाइलच्या ८ बिटमध्ये, दोन स्टॉप खाली शूट केलं तर सावल्यांत माहितीच राहत नाही, नुसती खरखर राहते. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) मधले रात्रीचे प्रसंग नामिबियात भर उन्हात घेतले, आणि तेही मुद्दाम ओव्हरएक्स्पोज करून. सावल्या स्वच्छ मिळाव्यात म्हणून. अंधार नंतर ग्रेडिंगमध्ये आणला.

केतकी, तुझ्या शॉटचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे. सावल्यांत तपशील आहे म्हणतेस ना? मूळ क्लिपची वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, बघून सांग: पडवीच्या आतला भाग कुठे आहे, अंगण कुठे आहे, आभाळ कुठे आहे.

---

केतकी_रा

१०२३ च्या पट्टीवर पडवीचा आतला भाग १०० ते १८०. अंगण शेणाने सारवलेलं आहे, ते ६०० ते ७५०. दोरीवर वाळत घातलेलं एक पांढरं धोतर आहे, ते ९०० च्या वर. आभाळ वर आपटून सपाट झालंय. निळा रंग तिथे उरलेलाच नाही, नुसतं पांढरं.

---

छायाप्रकाश

मग सांगतो. मी बरीच वर्षं मालिकांच्या ग्रेडिंगला बसलोय आणि दिवसाची रात्र आठवड्यातून एकदा तरी करावी लागायची.

तुझी पहिली चूक कॉन्ट्रास्ट वाढवण्याची. एक्स्पोजर खाली आणलंस तेव्हा सगळंच त्याच प्रमाणात खाली आलं. वर कॉन्ट्रास्ट वाढवलास, त्यात पडवी तळाला गेली आणि आभाळ मात्र इतरांच्या मानाने उजळच राहिलं. डोळा काय बघतो? वरती मोठा उजळ पट्टा, खाली काळं. हे ढगाळ दुपारचं चित्र आहे. नुसतं अंधारं केलं की प्रेक्षक 'रात्र' म्हणत नाही, 'कॅमेरामनला जमलं नाही' म्हणतो.

रात्र वाटायला दोन गोष्टी लागतात. चित्राचा बराचसा भाग खालच्या पट्ट्यात असावा, पण तिथे वस्तू ओळखू याव्यात. आणि कुठेतरी एक छोटी, खरोखर उजळ जागा असावी, जिच्याकडे बघून डोळ्याला बाकीच्याचा अंधार कळतो. तुझ्याकडे ती जागा आयती आहे: कंदील.

म्हणून आधीचं सगळं रीसेट कर. कस्टम कर्व्हचा वरचा उजवा बिंदू धरून सरळ खाली ओढ, उंचीच्या साधारण ४५ टक्क्यांवर. डावा खालचा बिंदू हलवू नकोस. छत खाली आलं, जमीन जागेवर राहिली. मग गॅमा थोडा खाली, पडवीचा आतला भाग ४०–६० वर येईपर्यंत. शून्यावर काहीही नको. अंगण २५० ते ३०० च्या आसपास बसेल. `Saturation` मुळात ५० असतं, ते २५–३० वर आण. निळेपणा अजून लावू नकोस. इथवर करून दाखव.

---

नेत्रांजन

व्यवसायाने डोळ्यांची डॉक्टर आहे. ग्रेडिंग कळत नाही, पण अंधारात डोळा काय करतो ते सांगू शकते.

आपल्या डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडात शंकूपेशी काम करतात, त्यांना रंग कळतात. चांदण्यात दंडपेशी पुढे होतात, त्यांना रंग जवळजवळ कळत नाहीत, आणि बारीक तपशीलही नाही. शंकूपेशींची एकूण संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटी रंगापाशी सर्वांत जास्त असते. दंडपेशींची ५०७ च्या आसपास, निळ्या-हिरव्याकडे. या फरकामुळे काळोख पडताना लाल रंग सर्वांत आधी विझतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात टिपलं, म्हणून त्याचं नाव या परिणामाला आहे.

संध्याकाळी दिवे न लावता जास्वंदीसमोर उभ्या राहा. उजेडात फूल पानांपेक्षा उठून दिसतं. वीस-पंचवीस मिनिटांत ते पानांपेक्षा काळं होतं आणि पानं राखाडी-उजळ दिसू लागतात. फूल तेच, झाड तेच. तुमच्या मावशीचं लुगडं कुठल्या रंगाचं आहे?

---

केतकी_रा

@नेत्रांजन, लाल! गडद लाल, हिरवे काठ. आणि तेच सगळ्यात जास्त डोळ्यांत येतंय. आज संध्याकाळी जास्वंद बघते.

---

छायाप्रकाश

@नेत्रांजन, फार कामाचं सांगितलंत. केतकी, यासाठी `Hue Vs Lum` आहे. लाल-नारिंगीवर बिंदू टाकून खाली ओढ, हिरवा किंचित वर. पण क्लिप ८ बिट आहे, जास्त ओढलंस तर लुगड्यावर ठोकळे दिसायला लागतील. शंभर टक्के झूम करून कडा बघ, दातेरी दिसल्या की अर्धं मागे ये.

डॉक्टरांचा 'तपशील दिसत नाही' हा मुद्दाही घे. माडाच्या झावळ्यांवर उन्हाच्या ज्या टोकदार चकाक्या असतात, त्या हमखास दिवसाची चुगली करतात. `Midtone Detail` उणे ३० च्या आसपास नेलंस की त्या विझतात.

---

आकाशदर्शन_रत्नांग्री

एक शंका. साडेअकराच्या उन्हाच्या कडक सावल्या चंद्रप्रकाशात कशा चालतील? चांदण्यात सावल्या मऊ असतात ना?

---

टोरांटोकर

मलाही तेच विचारायचं होतं. सगळ्या सावल्यांच्या कडा ब्लर कराव्या लागतील की काय.

---

छायाप्रकाश

नाही, कडांना हात लावू नका. पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर जाऊन स्वतःची सावली बघा, चांगली रेखीव असते. आकाशात सूर्य आणि चंद्र दोघांचाही व्यास जवळपास अर्धा अंश दिसतो, त्यामुळे सावलीच्या कडा सारख्याच तीव्र पडतात. चांदण्यात अर्धा मिनिट शटर उघडं ठेवून फोटो काढला तर तो दुपारचा वाटतो, कारण प्रकाशाची रचना तीच असते, फक्त काही लाख पटींनी मंद. रात्र प्रकाशाच्या आकारात नसते, आपल्या डोळ्याच्या मर्यादेत असते. आपण ग्रेडिंगमध्ये ती मर्यादा उभी करतो.

---

आकाशदर्शन_रत्नांग्री

पटलं. मग माझ्याकडूनही एक भर. मे महिन्यात कोकणात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावल्या पायाशी. पण मे महिन्यातल्या पौर्णिमेचा चंद्र इतका वर येतच नाही, तो दक्षिणेकडे कलून जातो. उन्हाळ्यात सूर्य जिथून जातो, साधारण तिथून चंद्र हिवाळ्यातल्या पौर्णिमेला जातो. म्हणजे तुमच्या शॉटमधल्या सावल्या मार्गशीर्ष पौर्णिमेच्या मध्यरात्रीच्या आहेत. गोष्टीत तिथी सांगितली आहे का?

---

केतकी_रा

तिथी नाही सांगितलेली. पण मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती! आधीच्या प्रसंगात मावशी देवळातून आलेली असते. तिच्या तोंडी 'पाळणा झाला' एवढं वाक्य घालता येईल, आवाज नंतरच रेकॉर्ड करतोय. काय सुंदर जुळून आलं हे.

---

बोरकर_तात्या

पोरी, तू टाकलेला फोटो बघितला. सगळं राहू दे, पण डाव्या कोपऱ्यात विहिरीपाशी दोन कोंबड्या दाणे टिपतायत. दिवेलागणीला कोंबडी खुराड्यात जाते. मध्यरात्री अंगणात कोंबडी दिसली तर आमच्याकडे आधी बिबट्याची चौकशी करतील.

---

टोरांटोकर

तात्या :D :D

---

केतकी_रा

तात्या, मी हा शॉट शंभर वेळा बघितला असेन, मला कोंबड्या दिसल्याच नाहीत! ट्रायपॉड आहे म्हणून वाचले. सतराव्या सेकंदानंतर कोंबड्या फ्रेमबाहेर जातात. तिथली एक स्थिर फ्रेम घेऊन तेवढाच कोपरा वर चिकटवते. मावशी त्या बाजूने जात नाही.

पहिला भाग केला. फरक प्रचंड आहे. पडवीचे खांब दिसतात, तुळशीवृंदावन दिसतं. पण आभाळ अजून करडंच आहे. क्वालिफायरने निवडून काळं केलं तर झावळ्यांच्या प्रत्येक पातीभोवती पांढरी किनार येते. दोन रात्री त्यातच गेल्या.

---

छायाप्रकाश

ती किनार येणारच. झावळीच्या कडेचा प्रत्येक पिक्सेल अर्धा पान, अर्धं पांढरं आभाळ असतो. क्वालिफायर आभाळ उचलतो आणि ते मधले पिक्सेल मागे ठेवतो. मास्क आकसून-फुगवून काही मिळत नाही, माडाच्या बाबतीत तर नाहीच.

कापायचंच नाही. गुणाकार कर. फोटोच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एक चित्र बनव: वर गडद राखाडी-निळा, खाली येत येत शुद्ध पांढरा. पांढरा कौलांच्या वरच्या ओळीपर्यंत पोचायला हवा. ते क्लिपच्या वरच्या ट्रॅकवर ठेव आणि `Composite Mode` मध्ये `Multiply` निवड. पांढऱ्या आभाळाला गडद रंगाने गुणलं की तो गडद रंगच उरतो. पान आधीच काळपट, ते आणखी काळं होतं. आणि अर्धा-अर्धा पिक्सेल दोन्हींच्या मधोमध येतो, जिथे तो असायला हवा. किनार येत नाही, कारण कुठे कापलेलंच नाही. तुझं आभाळ सपाट पांढरं झालं हे इथे उलट पथ्यावर पडतं. त्यात ढग असते तर ही युक्ती इतकी साफ बसली नसती.

दोन गोष्टी लक्षात ठेव. हा गुणाकार ग्रेडिंगनंतर होतो. तेव्हा आभाळ आधीच ४५ टक्क्यांवर आलेलं असणार, त्यामुळे पट्टी वाटते त्यापेक्षा उजळ ठेवावी लागेल. आणि आभाळ झाडांपेक्षा काळं करू नकोस. चांदण्या रात्री आभाळ झाडांपेक्षा उजळच असतं, माड त्यावर काळे उमटतात. नवखे लोक आभाळ ठार काळं करतात आणि झाडं कापून चिकटवल्यासारखी दिसतात.

---

वेस्टर्नप्रेमी

हे भारी आहे. मी इतकी वर्षं क्वालिफायरशीच झटत होतो. पण निळ्याचं काय? तुम्ही निळं लावूच देत नाही आहात. चंद्रप्रकाश निळा असतो ना.

---

आकाशदर्शन_रत्नांग्री

मोजला तर नसतो. चंद्राचा पृष्ठभाग राखाडी-तपकिरी आहे, परावर्तित प्रकाश सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळटच येतो, ४१०० केल्व्हिनच्या आसपास. निळी रात्र ही सिनेमाने लावलेली सवय आहे. मी तर अजिबात निळं करणार नाही.

---

नेत्रांजन

मोजमाप बरोबर आहे, पण माणसांना चांदणं निळसर *वाटतं* हेही तितकंच खरं. चित्रकारांनी सिनेमाच्या कितीतरी आधी रात्र निळी रंगवली आहे. तेव्हा ती नुसती सवय म्हणता येणार नाही.

---

छायाप्रकाश

मी थोडा निळा लावतो, पण फक्त मधल्या टोनला, आणि सॅच्युरेशन उतरवल्यानंतर. काळ्यात निळा घातला की नीळ घातलेलं धोतर होतं, जे केतकीला पहिल्या दिवशी दिसलं. आकाशदर्शनांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही, पण निळ्याशिवाय केलेली चांगली रात्रही मी पाहिली आहे. कंदील पिवळा आहे, त्याच्याशेजारी नुसतं राखाडीसुद्धा डोळ्याला निळं वाटतं. केतकी, आधी कंदील लाव, मग ठरव.

---

केतकी_रा

गुणाकार केला. झावळ्या एकदम स्वच्छ! मी अक्षरशः खुर्चीतून उठले. धोतर वेगळ्या विंडोने खाली आणलं, कोंबड्या गेल्या.

आता कंदील. वातीवर छोटी विंडो, ट्रॅक करून, गेन वर. वात ८५० ला पोचली. त्याभोवती मोठी, खूप मऊ कडेची दुसरी विंडो, तीत ऊबदार रंग आणि सॅच्युरेशन परत मुळाइतकं. लुगडं कंदिलाजवळ लाल आणि खांद्यापाशी काळं दिसतंय, अगदी जास्वंदीसारखं. (डॉक्टर, काल अंगणात पाऊण तास उभी होते. खरंच काळं होतं फूल!)

पण चेहरा फसतोय. कंदील खालून-डावीकडून आहे, ऊन वरून होतं. हनुवटीखाली कंदिलाचा उजेड हवा तिथे गडद सावली आहे. ती उचलली की खरखर येते आणि मावशीचा चेहरा मातीच्या मुखवट्यासारखा दिसतो.

---

वेस्टर्नप्रेमी

चेहऱ्यावर वेगळी विंडो टाकून सावली उजळ करा, वर नॉइज रिडक्शन लावा.

---

छायाप्रकाश

फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन चालत नाही. आणि असतं तरी प्रश्न खरखरीचा नाही, प्रकाशाच्या दिशेचा आहे. ग्रेडिंग उजेड कमी-जास्त करतं, तो कुठून आला ते बदलत नाही. नाकाची सावली खाली पडली आहे ती वर जाणार नाही. इथे मी हार मानतो. चेहरा किती वेळ समोर आहे?

---

केतकी_रा

पायऱ्या उतरताना पहिले चार सेकंद. नंतर ती पाठमोरी आहे.

---

बोरकर_तात्या

मग ते चार सेकंद पडवीच्या अंधारात ठेव की. आमच्या लहानपणी कंदील घेऊन कोणी आलं तर आधी कंदील दिसायचा, मग पाय, मग पदर. तोंड दिसायचं ते अगदी जवळ आल्यावर. कंदील लोक गुडघ्याच्या उंचीवर धरतात, डोळे दिपू नयेत म्हणून.

---

छायाप्रकाश

तात्या, तुम्ही आमच्या खोलीत बसायला हवे होतात. केतकी, हेच कर. कंदिलाची मोठी विंडो कमरेपर्यंतच ठेव, चेहऱ्यावर वरून एक मऊ, गडद विंडो टाक. चेहरा नुसता आकार म्हणून राहू दे. विंडोच्या उजेडाला की-फ्रेमने थोडा चढ-उतार दे, आठ-दहा फ्रेमच्या अंतराने, पण अंतर एकसारखं ठेवू नकोस. नियमित लुकलुकलं तर दिवाळीची माळ वाटते.

---

टोरांटोकर

एक्स्पोर्ट करण्याआधी: एवढ्या गडद, गुळगुळीत आभाळात ८ बिटमध्ये पट्टे दिसतील. माझ्या एका शॉटला इंद्रधनुष्यासारख्या कमानी आल्या होत्या. शेवटी वरच्या ट्रॅकवर हलक्या दाण्यांची क्लिप `Overlay` मध्ये कमी ऑपॅसिटीने टाकली, तेव्हा पट्टे मोडले. यूट्यूब त्यातले बरेच दाणे खातं, म्हणून थोडे जास्तच ठेवावे लागतात. ४के मध्येच चढवा, खाली आणू नका.

---

केतकी_रा

तात्यांचं ऐकलं. चेहरा अंधारात, आधी कंदील, मग पाय. मी जे लपवत होते त्यातूनच शॉटची सगळ्यात चांगली सुरुवात झाली. निळा अगदी नावापुरता, मधल्या टोनला.

एक नवीनच अडचण आली. रात्री खोलीत लॅपटॉपवर सुरेख दिसतं. दुपारी खिडकीपाशी फोनवर बघितलं तर कंदील सोडून काहीच दिसलं नाही, अंगणही नाही. लोक तर फोनवरच बघणार.

---

छायाप्रकाश

अंगण ३०० वरून ३५०–३८० ला ने, सावल्या आहेत तिथेच ठेव. आणि आधीचा शॉट कुठला आहे ते बघ. देवळातला उजळ प्रसंग थेट जोडला असेल तर डोळा उजेडाला सरावलेला असतो, पुढची रात्र जास्तच काळी वाटते. मध्ये घरातल्या समईचा दोन-तीन सेकंदांचा शॉट आहे का?

---

केतकी_रा

समई नाही, पण देवघराच्या दाराशी ठेवलेल्या निरांजनाचा एक शॉट आहे. तो जादाचा म्हणून काढला होता, कधी वापरलाच नाही. आज रात्री जोडून बघते, आणि उद्या दुपारी खिडकीपाशी फोनवर.

---

आकाशदर्शन_रत्नांग्री

निळ्याशिवायचा एक नमुनाही टाका. मी अजून माझ्या मतावर आहे.

---

केतकी_रा

दोन्ही टाकते.